लग्नाआधीची बोलणी : आधी काम, मग घर, मग मूल

दापोली तालुक्यात रिश्त्याची बोलणी मे महिन्यात आणि ईदच्या आगेमागे जास्त होतात. कारण साधे आहे. मुंबईची माणसे तेव्हा गावी आलेली असतात, आखातातली सुट्टीवर असतात, आणि आंब्याच्या निमित्ताने बंद घरांची कुलपे उघडलेली असतात. हर्णै असो, दाभोळ असो की खुद्द दापोली, बैठकीचा रिवाज सगळीकडे सारखाच. चहा, नाश्ता, कोण कोणाचे नातेवाईक याची उजळणी, मग मेहर, निकाहची तारीख, वलीम्याला किती माणसे. मेहर रुपयापर्यंत ठरते, माणसे पानापर्यंत मोजली जातात. पण मुलगा सुट्टी संपवून परत गेल्यावर मुलगी कुठे राहणार, मूल कधी, आणि कामासाठी कोण कुठे जाणार, या तीन गोष्टींवर सगळे मिळून “ते नंतर बघू” म्हणतात. कोणी धीर करून विषय काढलाच, तर संध्याकाळपर्यंत मोहल्ल्यात शब्द पसरतो : “मुलीवाल्यांच्या अटी फार आहेत.”

हा “अट” शब्द टाळायचा आणि तरीही सगळे विचारायचे, हे कसे जमते, एवढ्याच विषयावर आम्ही इथे लिहीत आहोत. अशा बैठकींना आम्ही मुलीकडूनही बसलो आहोत आणि मुलाकडूनही. आमचे मत असे झाले आहे की बोलणे हट्टाचे वाटते ते बहुतेक वेळा शब्दांमुळे नव्हे, क्रमामुळे. मुलीकडचे घरापासून सुरुवात करतात, कारण काळजी त्याचीच असते. आणि नेमका तोच प्रश्न समोर बसलेल्या मुलाच्या अम्मीला लागतो. “वेगळे राहणार का?” हे तिच्या कानाला “तुमच्याबरोबर राहायचे नाही” असे ऐकू येते. खरे पाहता तिन्ही प्रश्न एकाच दोरीत ओवलेले आहेत. काम कुठे आहे यावर घर ठरते, आणि घर कुठे व नवरा कुठे यावर मुलाचा विचार ठरतो. म्हणून सुरुवात कामापासून करावी. कामाला तारखा असतात, कागद असतात, आकडे असतात. ते विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही.

एक उदाहरण घेऊ. ते आम्ही आमच्या ओळखीच्या घरांवरून जुळवले आहे, कुठल्या एका घराचे नाही. मुलगी दापोलीची. इथल्याच कोकण कृषी विद्यापीठात बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाला, परीक्षा पुढच्या जूनमध्ये. वडिलांचे बाजारात दुकान. मुलगा खेड तालुक्यातला, सौदीत जुबैलला इलेक्ट्रिकल टेक्निशियन. दोन वर्षांचा करार, मग साठ दिवसांची सुट्टी. घरी अम्मी, अब्बा, मोठी भाभी आणि तिची दोन मुले. मोठा भाऊ जहाजावर. अम्मींना साखरेचा आजार, दिवसातून दोनदा इन्सुलिन. थोडी आंबा-काजूची बाग. सुट्टी लागल्याबरोबर मे महिन्यात निकाह करावा आणि जुलैमध्ये मुलाने परत जावे, असा मुलाकडचा विचार आहे.

बैठकीत मुलीची खाला विचारते, “लग्नानंतर मुलीला घेऊन जाणार की इथेच ठेवणार?”

प्रश्न रास्त आहे, पण त्याला उत्तर नाही. “घेऊन जाणार” म्हटले तर अम्मीचा चेहरा उतरतो, “इथेच” म्हटले तर मुलीचे वडील गप्प होतात. शिवाय “ठेवणार” हा शब्द. माणूस काय, पेटी काय! मुलगा अशा वेळी खाली बघून “इन्शाअल्लाह, घेऊन जाईन” म्हणतो आणि विषय बंद होतो. तो खोटे बोलत नसतो. त्याने हिशेब केलेला नसतो, इतकेच.

आता हेच मामूंनी विचारले असे समजा : “जुबैलला तुमचा करार कधीपर्यंत आहे? सुट्टी दोन वर्षांनीच की मध्येही मिळते? इकाम्यावर पेशा काय लिहिलाय? त्यावर फॅमिलीचा इकामा होतो का?” हे चार प्रश्न कोणताही मामू कोणत्याही मुलाला विचारू शकतो. अम्मीलाही त्यात रस असतो, कारण बऱ्याचदा तिलाही हे माहीत नसते. आणि उत्तरे महत्त्वाची आहेत. सौदीत बायको-मुलांना राहायला नेता येईल की नाही हे इकाम्यावर कोणता पेशा लिहिला आहे यावरही अवलंबून असते. मजूर म्हणून नोंद असेल तर पगार बरा असूनही अडते. नेता येत असेल तरी २०१७ च्या जुलैपासून तिथे कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे फी लागली आहे. सुरुवातीला महिन्याला १०० रियाल होती, दरवर्षी शंभराने वाढत २०२० मध्ये ती ४०० झाली. म्हणजे एकट्या बायकोचे वर्षाला ४,८०० रियाल, एक मूल झाले की ९,६००. घरभाडे वेगळे, मुलाची शाळा पुढे वेगळी. ही फी लागल्यावर कितीतरी जणांनी बायको-मुलांना परत गावी पाठवले. संयुक्त अरब अमिरातीत हिशेब निराळा आहे. तिथे बायको-मुलांना बोलवायला किमान ४,००० दिरहम पगार, किंवा ३,००० आणि राहायला जागा, अशी अट २०१९ पासून आहे. नियम बदलत राहतात, म्हणून मुलाने कंपनीत विचारून आलेले असावे. विचारून आलेला नसेल, तर “परत गेल्यावर विचारून कळवाल का?” एवढे म्हणावे. हे मागणे कोणालाही खटकत नाही.

आपल्या उदाहरणातला मुलगा विचारून आला आहे. इकामा होतो, पण कंपनी फक्त त्याची खोली देते. भाड्याची वेगळी जागा आणि पहिल्या वर्षाची फी जमवायला दीड वर्ष तरी लागेल, असे तो म्हणतो. पाहा, “घेऊन जाणार की ठेवणार” याचे जे उत्तर मिळत नव्हते ते आले, आणि तारखेसकट आले. दीड वर्ष मुलगी इथे, मग जुबैल.

यानंतर मुलीची बाजू. मुलीच्या कामाबद्दल आपल्याकडे एक ठरलेले वाक्य आहे : “लग्नानंतर शिकू द्याल ना? नोकरी करू द्याल ना?” ऐकायला ते नम्र वाटते. आम्हाला ते पसंत नाही. त्यात परवानगी मागितलेली असते, आणि परवानगी देणारा ती पुढे काढूनही घेऊ शकतो. मिळालेला “हो” बहुधा सौजन्याचा असतो. त्यापेक्षा मुलीने आपला बेत तारखांसकट सांगावा आणि अडचण विचारावी. “माझी शेवटची परीक्षा पुढच्या जूनमध्ये आहे. त्यानंतर कृषी खात्याची परीक्षा द्यायचा विचार आहे. त्यात नंबर लागला तर नेमणूक कुठेही होऊ शकते. यात तुमच्या घरी काय अडचण येईल?” शेवटचे वाक्य सोडू नये. अडचण विचारली की समोरच्याला ती सांगायला वाट मिळते. मग मुलगा म्हणतो, “परीक्षेपर्यंत काहीच अडचण नाही. पण नोकरी लागली आणि मी तिकडे असलो, तर मग जुबैलचं काय?” हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर त्या बैठकीत मिळणार नाही, पण तो टेबलावर आला. तो न येता लग्न झाले असते, तर दीड वर्षाने नेमणुकीचे पत्र आणि व्हिसा एकाच महिन्यात हातात पडले असते.

आता घर.

एकत्र की वेगळे, असे दोनच पर्याय आहेत असे समजून आपण भांडतो. कोकणातल्या घरात या दोहोंच्या मध्ये चार-पाच पायऱ्या आहेत. एक, सगळ्यांत राहणे पण स्वतःची एक खोली, जिला आतून कडी आणि बाहेरून कुलूप आहे. दोन, त्या खोलीला जोडून न्हाणीघर-संडास. तीन, छप्पर एकच पण चूल वेगळी. चार, त्याच वाडीत किंवा मोहल्ल्यात दुसरे घर. पाच, दापोलीत किंवा खेडला भाड्याची खोली. मुलीकडचे “वेगळे” म्हणतात तेव्हा पुष्कळदा त्यांच्या मनात पहिली पायरी असते : लेकीला कपडे बदलायला आणि दुपारी पाठ टेकायला दार लावता येईल अशी जागा, जिथे दीर-नातेवाईक न खाकरता येणार नाहीत. मुलाकडच्यांना ऐकू येते पाचवी. आम्ही एका बैठकीत दोन्ही बाजू पाऊण तास ताणलेल्या पाहिल्या. शेवटी कोणीतरी घर दाखवायला उठले, आणि माजघराशेजारची खोली नवीन फरशी घालून तयारच होती. म्हणून “वेगळे” आणि “एकत्र” हे दोन्ही शब्द न वापरता खोली, न्हाणीघर, चूल असे बोलावे. “घर बघू या का?” हा सगळ्यांत सोपा प्रश्न आहे, आणि पाहुण्याने घर पाहिले म्हणून कोणी रागावत नाही.

दुसरे असे की पुढचे वचन मागण्यापेक्षा मागचे विचारावे. “मुलीला माहेरी पाठवाल ना?” ही मागणी झाली. “भाभींचं माहेर कुठलं? त्या शेवटच्या कधी गेल्या होत्या?” ही चौकशी झाली, आणि तिच्यातून जास्त कळते. भाभी घरातच चहा देत असतात. त्या हसून “आताच ईदला आठ दिवस राहून आले” म्हणतात की सासूकडे बघून “जाते मी, जाते” म्हणतात, यात उत्तर आले. मोठा भाऊ जहाजावर असताना भाभींचे कसे चालते, पैसे त्यांच्या खात्यावर येतात की अब्बांच्या, मुलाला ताप आला तर दवाखान्याचा निर्णय कोण घेते, हे सगळे त्या घरात आधीच घडलेले आहे. नव्या सुनेचेही बहुतेक तसेच घडेल. मुलीच्या अम्मीने किंवा खालाने स्वयंपाकघरात भाभींजवळ दहा मिनिटे बसावे. दिवाणखान्यातल्या दीड तासापेक्षा त्याने जास्त कळते.

“ती आमची सून नाही, मुलगीच आहे” हे वाक्य प्रत्येक बैठकीत येते. म्हणणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण त्यावर समाधान मानून उठू नये. “माशाअल्लाह” म्हणावे आणि विचारावे, “तुमची लेक कुठे दिली? येणं-जाणं कसं असतं?” लेक महिन्यातून दोन दिवस हक्काने येत असेल, तर “मुलगीच” या शब्दाचा त्या घरात काय अर्थ आहे ते समजले.

मुलाच्या बाजूलाही बोलायचे असते, आणि ती बाजू बहुधा जास्त संकोचते. इथे अम्मींना इन्सुलिन लागते. मुलाला वाटते, बायको घरी असली तर अम्मीकडे लक्ष राहील. हे तो बोलत नाही, कारण “सासूच्या सेवेसाठी सून आणतात” असे कोणी म्हणेल. मग लग्नानंतर आठव्या दिवशी सुनेच्या हातात सिरिंज येते. त्याऐवजी कामच सांगावे : “अम्मीला सकाळी आणि रात्री जेवणाआधी इन्सुलिन द्यावं लागतं. आता भाभी देतात. महिन्यातून एकदा दापोलीला दवाखान्यात न्यावं लागतं, ते अब्बा करतात. तुम्ही घरी असाल तेव्हा यातलं काही तुम्हाला करता येईल का?” फिक्हप्रमाणे आई-वडिलांची खिदमत मुलावर आहे, सुनेवर ती फर्ज नाही. ती करते तो तिचा एहसान. मुलाने हे लक्षात ठेवून विचारले तर सूर आपोआप बदलतो. आणि मुलगीही मोजके उत्तर देऊ शकते : “रात्रीचं मी देईन. सकाळी मला कॉलेजला निघायचं असतं. परीक्षेच्या महिन्यात मी दापोलीला राहीन, तेव्हा भाभींना जमेल का?” खेड तालुक्यातल्या गावातून रोज दापोलीला येऊन-जाऊन शेवटचे वर्ष करायचे की आठवडाभर माहेरी राहून शनिवारी सासरी जायचे, हाही प्रश्न त्याच दमात निघतो. आमच्या उदाहरणात दुसरे ठरले. अम्मी म्हणाल्या, “शिकायचं तर धड शिक, एसटीत आयुष्य घालवू नको.”

अशा बोलण्याचा एक नमुना कुरआनमध्येच आहे, आणि रिश्त्याच्या बैठकीत तो फारसा आठवला जात नाही याचे आम्हाला नवल वाटते. सूरह कससमध्ये हजरत मूसा (अ.) मिस्रहून निघून मदयनला येतात. तिथले बुजुर्ग त्यांना आपल्या दोन मुलींपैकी एकीशी निकाहचा प्रस्ताव देतात. त्यात काम आहे, मुक्काम आहे आणि मुदतही आहे : आठ वर्षे त्यांच्याकडे काम करायचे. दहा पूर्ण केली तर ती मूसांच्या खुशीची. आणि लगेच, आपल्याला तुम्हाला त्रासात टाकायचे नाही, असेही ते बोलून दाखवतात. मूसा (अ.) उत्तर देतात की हे तुमच्या-माझ्यात ठरले; दोहोंपैकी जी मुदत मी पुरी करेन, त्यानंतर माझ्यावर जबरदस्ती नको. अल्लाह आपल्या बोलण्याचा साक्षी आहे. मुदत संपल्यावर ते आपल्या घरच्यांना घेऊन निघाले, हे पुढच्याच आयतीत येते. सासरी राहणे, कामासाठी परगावी असणे, आणि नंतर बायकोला घेऊन दूर जाणे, सगळे इथे आहे. आठ हा आकडा पक्का, वरची दोन खुशीची. आपल्या बैठकीतही असे दोन भाग करता येतात. “दीड वर्षात बोलावण्याचा प्रयत्न पक्का, त्याआधी जमलं तर तुमची मेहरबानी.” “अम्मीचं रात्रीचं इन्सुलिन नक्की, सकाळचं जेव्हा घरी असेन तेव्हा.” पक्के किती आणि खुशीचे किती हे वेगळे सांगितले की ऐकणाऱ्याच्या मानेवर ओझे राहत नाही.

तिसरा विषय मुलांचा. तो दिवाणखान्यात काढू नये. बुजुर्ग मंडळी “वर्षाच्या आत पाळणा हलू दे” म्हणतातच, त्यावर मुलीने मान खाली घातली तरी पुरे. हे बोलणे दोघांनी करावे, घरच्यांच्या नजरेसमोर पण कानाआड : पडवीत दोन खुर्च्या टाकून, अब्बा किंवा भाऊ दिसेल इतक्या अंतरावर. आणि पहिल्या भेटीत नाही. काम आणि घर यांचे चित्र स्पष्ट झाल्यावर, दुसऱ्या भेटीत.

इथे कॅलेंडर फार उपयोगी पडते. आपल्या उदाहरणात निकाह मे महिन्यात, मुलगा जुलैमध्ये परत. त्या साठ दिवसांत दिवस राहिले तर बाळंतपण साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. मुलीची शेवटची परीक्षा जूनमध्ये, म्हणजे तान्हे मांडीवर घेऊन. पहिले बाळंतपण माहेरी, दापोलीला. बाळाचा बाप तेव्हा जुबैलला. दीड वर्षाने तो बोलावणार तेव्हा बाळ दहा-अकरा महिन्यांचे, आणि जमवायची फी ४,८०० ऐवजी ९,६०० रियाल. तेवढे जमायला आणखी वेळ लागला तर दीडची दोन वर्षे होणार. हे सगळे कोणी कोणाकडे मागितलेले नाही. कॅलेंडरच सांगते. मुलीला फक्त एवढेच म्हणायचे असते : “मुलं मला हवीच आहेत. पण पहिल्या वेळी तुम्ही जवळ असावं असं मला वाटतं, आणि परीक्षाही त्याच सुमारास येते. तुम्हाला काय वाटतं?” मुलगा कदाचित म्हणेल, “अम्मीला नातवंड लवकर बघायचंय.” तेही खरे आहे, आणि त्याने ते लपवू नये. पण मग अम्मीला समजावून सांगण्याचे काम त्याने स्वतःकडे घ्यावे. “आमचं दोघांचं ठरलंय” हे वाक्य मुलाच्या तोंडून गेले तर निभते. सुनेच्या तोंडून गेले तर तिनेच थांबवले असे होते.

काही घरांत या विषयाला धार्मिक हरकत असेल असे समजून मुले-मुली गप्प राहतात. मूल होऊ न देण्याचा कायमचा बेत आणि दोघांनी संमतीने काही काळ अंतर ठेवणे, यांत फरक आहे. सहाबांच्या काळात अज़्ल केला जात होता, हे हजरत जाबिर (र.) यांच्या प्रसिद्ध रिवायतीत आहे. सूरह बकरात दोन वर्षे दूध पाजण्याचा आणि दूध तोडायचे तर आई-बाप दोघांच्या राजीखुशीने व मशवऱ्याने असा उल्लेख आहे. दूध तोडण्याइतक्या गोष्टीलाही दोघांचा मशवरा सांगितला आहे. जागतिक आरोग्य संघटनाही एका बाळंतपणानंतर पुढच्या गर्भधारणेपर्यंत किमान २४ महिने जाऊ द्यावेत असेच सांगते. म्हणून “दोनच हवीत” किंवा “चार तरी हवीत” असा आकडा लग्नाआधी न मांडता अंतराविषयी बोलावे. अंतरावर दोघांचे एकमत लवकर होते. आकडा पुढे बदलतोच.

आणखी एक वाक्य मुलाने आपणहून म्हणावे असे आम्हाला वाटते : “उशीर झाला तर दवाखान्यात आपण दोघं जाऊ.” मूल होणे शेवटी अल्लाहच्या हाती. पण उशीर झाला की आपल्याकडे पहिली तपासणी सुनेची होते, आणि पहिला बोलही तिलाच लागतो. पुरुषाची तपासणी त्या मानाने सोपी आणि कमी खर्चाची असते, ती आधी व्हायला हवी. शिवाय नवरा दोन वर्षांतून साठ दिवस घरी असेल तर त्याला उशीर म्हणायचे की नुसते गणित, हे कोणीतरी मोहल्ल्यातल्या खालांना सांगितले पाहिजे.

आता, जे ठरले ते निकाहनाम्यात लिहावे का? कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई आहेत. बायकोला तिच्या गावातून बाहेर नेणार नाही, अशी अट निकाहच्या वेळी घातली तर शाफई मतानुसार निकाह दुरुस्त राहतो, पण ती अट नवऱ्यावर बंधनकारक होत नाही. हनफी मतही बहुतांशी असेच. हंबली मतात मात्र अशी अट पाळावी लागते आणि मोडली तर बायकोला निकाह रद्द करून घेण्याचा हक्क राहतो. ज्या अटींवर निकाह झाला त्या पाळणे सर्वांत जरुरीचे, असे सांगणारी हदीस बुखारी शरीफमध्ये आहे, आणि तिचा अर्थ लावण्यातच हा मतभेद आहे. आपल्या प्रकरणात काय लिहावे हे गावच्या काझींना विचारावे. राहण्याच्या जागेबाबत मात्र कागदावरची अट कुलपासारखी काम करेल या भरवशावर बोलणे टाळू नये.

त्यापेक्षा एक साधी गोष्ट आम्ही सुचवतो. बैठकीनंतर दुसऱ्या दिवशी मामूंनी मुलाच्या अब्बांना व्हॉट्सॲपवर चार ओळी पाठवाव्यात. सही नको, साक्षीदार नको. आपल्या उदाहरणात त्या अशा होत्या : “अस्सलामु अलैकुम भाईसाहेब. काल फार आपुलकीने बोलणं झालं. आम्हाला समजलं ते असं : निकाह मे महिन्यात. जूनच्या परीक्षेपर्यंत मुलगी आठवडाभर दापोलीला, शनिवार-रविवार तुमच्याकडे. माजघराशेजारची खोली त्यांची. अम्मींचं इन्सुलिन ती घरी असेल तेव्हा रात्रीचं तिच्याकडे. मियाँ दीड वर्षात जुबैलला जागा बघतील. कृषी खात्यात नंबर लागला तर तेव्हा दोघं बसून ठरवतील. काही चुकलं असेल तर सांगा.” मुलांविषयीचे यात नाही, ते त्या दोघांपाशीच राहिले.

शेवटचे “काही चुकलं असेल तर सांगा” महत्त्वाचे. ज्यांना मुळातच जमणार नसते ते इथे थांबतात, आणि निकाहआधी थांबणे दोन्ही घरांना परवडते. बाकीचे दुरुस्ती पाठवतात. इथेही दोन दिवसांनी अब्बांचा निरोप आला. बाकी सगळे कबूल, फक्त दीड वर्षाच्या जागी दोन वर्षे लिहा, कारण या वर्षी बागेच्या कुंपणाचा खर्च निघाला आहे आणि तो मुलगाच करणार आहे. मामूंनी मुलीला विचारले. ती म्हणाली, “दोन चालतील. कुंपणाचं त्यांनी आधीच सांगितलं ते बरं झालं. परीक्षेची ओळ तेवढी आहे तशी राहू द्या.”